पीपीटी संपली, आता ठराव कसा लिहायचा?

सहकारी दूध संघाच्या संचालक मंडळाची सभा आहे. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला ‘सौर ऊर्जा प्रकल्पाबाबत विचार करणे’ असा विषय आहे. व्यवस्थापक अठरा स्लाइडींचं सादरीकरण करतात. सुरुवातीला सूर्यप्रकाशाचा नकाशा, मग वीजबिलाचे आलेख, मग शेजारच्या तालुक्यातल्या संचाचे फोटो. सोळाव्या स्लाइडवर पर्याय आहेत आणि सतराव्या स्लाइडवर मंडळाकडून काय हवं ते. अठरावी ‘धन्यवाद’ची. दिवे लागतात, चहा येतो, कुणीतरी विचारतं, “पण नक्की करायचं काय?” आणि इतिवृत्तात नोंद होते : ‘सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेत घ्यावा.’

असं होतं त्याचं कारण बहुतेक वेळा संचालकांची अनास्था नसते. पीपीटी बोलणाऱ्याच्या आधारावर उभी असते. स्लाइडवर तीन शब्द असतात आणि उरलेलं वाक्य व्यवस्थापकांच्या तोंडी असतं. सभा उठली की ते वाक्यही उठून जातं. म्हणून पुढच्या सभेपूर्वी कुणावर तरी काम येतं : या दोन स्लाइडींवरून दोन पानांचं टिपण करा, आणि त्यात स्पष्ट शिफारस हवी. हे काम नेमकं कसं करतात, ते याच उदाहरणावरून पाहू. संघ नमुन्यादाखल घेतला आहे आणि आकडे हिशेब समजावेत म्हणून गोल केले आहेत. घोळ मात्र जिथे जिथे अशा पीपीटी होतात तिथले खरे आहेत.

संघाचं रोजचं संकलन 15,000 लिटर. शीतकरण, पॅकिंग आणि शीतगृह मिळून महिन्याला 18,000 युनिट वीज लागते आणि बिल येतं सुमारे दोन लाख रुपये. सोळाव्या स्लाइडवर तीन रकान्यांचा तक्ता आहे. पर्याय अ : स्वतःचा 100 किलोवॉटचा संच, खर्च 50 लाख, वार्षिक बचत 15.4 लाख, 3.2 वर्षांत परतफेड. पर्याय ब : खासगी विकासकाने आपल्या खर्चाने संच बसवायचा आणि संघाने त्याच्याकडून 5 रुपये युनिटने वीस वर्षं वीज घ्यायची, खर्च शून्य, वार्षिक बचत 8.4 लाख. पर्याय क : एक वर्ष थांबणे, ‘पॅनेलचे दर उतरण्याची शक्यता’. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तारांकित ओळ : ‘छताचे मजबुतीकरण वेगळे.’ सतराव्या स्लाइडवर दोन ओळी : ‘प्रकल्पास तत्त्वतः मान्यता मिळावी. पुढील कार्यवाहीस परवानगी मिळावी.’

टिपण लिहिणाऱ्याने सुरुवात सोळाव्या स्लाइडपासून करू नये. आधी सतरावी घ्यावी. मंडळाने हात वर केल्यावर नेमकं काय घडणार, हे एका वाक्यात लिहिता येतं का ते पाहावं. ‘तत्त्वतः मान्यता’ या शब्दांतून काहीच घडत नाही. किती पैसे, कोणत्या खात्यातून, खरेदीचा अधिकार कुणाला आणि किती तारखेपर्यंत, यांतलं एकही उत्तर त्यात नाही. ‘पुढील कार्यवाही’ म्हणजे निविदा काढणं की थेट करार करणं, हेही कळत नाही. अशा मागणीला मंडळ खुशाल हो म्हणतं, कारण त्या होकाराने कुणीच कशाला बांधलं जात नाही. महिन्याभराने व्यवस्थापक रकमेची मंजुरी मागायला येतात तेव्हा सगळी चर्चा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून मागणीचं वाक्य कच्चं का होईना, आधी लिहून टाकावं : ‘अमुक प्रकारचा, अमुक किलोवॉटचा संच, कमाल अमुक लाख रुपयांत, अमुक निधीतून घ्यावा, निविदा मागवून कार्यादेश देण्याचा अधिकार कार्यकारी संचालकांना द्यावा, निर्णय अमुक तारखेपूर्वी हवा, कारण अमुक.’ यातल्या ज्या ज्या ‘अमुक’च्या जागी स्लाइडवरून काही भरता येत नाही, ती व्यवस्थापकांना विचारायच्या प्रश्नांची यादी. या उदाहरणात पहिलंच भगदाड निधीचं निघतं. अठरा स्लाइडींत पैसे कुठून येणार, याचा उल्लेखच नाही.

आता पर्यायांकडे वळू. तक्त्यातला प्रत्येक आकडा पूर्ण वाक्यात लिहायचा, एवढीच युक्ती आहे. पण ती फार उजेड पाडते. ‘वार्षिक बचत 15.4 लाख’ हे चौकटीत झकास दिसतं. त्याचं वाक्य करायला घेतलं की लिहावं लागतं : ‘100 किलोवॉटचा संच वर्षाला सुमारे 1,40,000 युनिट वीज देईल आणि प्रत्येक युनिटमागे आपले 11 रुपये वाचतील.’ लगेच प्रश्न येतो, 11 रुपये कुठून आले? व्यवस्थापकांनी दोन लाखांच्या बिलाला 18,000 युनिटांनी भागलं. पण औद्योगिक वीजबिलात दोन भाग असतात. एक वापरलेल्या युनिटांचा आणि दुसरा मागणी आकाराचा, म्हणजे जोडलेल्या भारापोटी दरमहा द्यावा लागणारा. सौर संच बसवल्याने पहिला भाग घटतो. दुसरा जवळपास तसाच राहतो, कारण पहाटे आणि रात्री कॉम्प्रेसर ग्रीडच्याच विजेवर चालणार असतात. या संघाच्या बिलात युनिटांचा भाग 8.50 रुपये पडतो. तेव्हा वाचणार ते साडेआठ, अकरा नव्हेत. वीजदर दिवसाच्या वेळेनुसार बदलत असेल तर त्यातही उन्हाच्या वेळेचा दर धरायला हवा.

या एका दुरुस्तीने तक्ता हलतो. पर्याय अ ची बचत 11.9 लाखांवर येते. पॅनेल धुणं, विमा आणि देखभाल यांचे 90 हजार वजा केले की हाती उरतात 11 लाख. पर्याय ब मधली बचत अकरा वजा पाच अशी सहा रुपये धरली होती. ती साडेतीन रुपयांवर येते, म्हणजे वर्षाला 8.4 ऐवजी 4.9 लाख. दोन्ही पर्यायांना एकच माप लावलं पाहिजे, आणि चूक सापडली तर दोन्हीकडे दुरुस्त केली पाहिजे. नाहीतर टिपण लिहिणारा आपल्या लाडक्या पर्यायाचा वकील होतो.

मग राहते ती तारांकित ओळ. ‘छताचे मजबुतीकरण वेगळे’ म्हणजे किती वेगळे? विचारल्यावर कळतं की 100 किलोवॉटपैकी 60 किलोवॉट पॅकिंग इमारतीच्या स्लॅबवर बसतात आणि 40 किलोवॉट जुन्या सिमेंट पत्र्याच्या शेडवर. त्या पत्र्यांना पॅनेलचं वजन आणि वाऱ्याचा ताण झेपणार नाही. पत्रे आणि खालचा सांगाडा बदलायला 8 लाख लागतील. म्हणजे पर्याय अ चा खरा खर्च 58 लाख आणि परतफेड 3.2 वर्षांऐवजी सुमारे सव्वापाच वर्षांत. पर्याय ब चा खर्चही शून्य नाही. विकासकाला भक्कम छत द्यायची जबाबदारी करारात संघावरच टाकली आहे.

निर्णय फिरवणारी गोष्ट स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात जाऊन बसणं, हा प्रकार केवळ दूध संघात होतो असं नाही. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया अंतराळयान उड्डाण करत असताना इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून त्याच्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी या धडकेचं विश्लेषण स्लाइडींवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी शेवटच्या ओळींत मात्र असं होतं की ज्या चाचण्यांवर हा दिलासा उभा आहे त्यांतला तुकडा 3 घन इंचांचा होता, आणि प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे 1,920 घन इंचांचा. म्हणजे सहाशे पटींहून मोठा. 1 फेब्रुवारी रोजी परतताना यान फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताला अनेक कारणं होती, आणि ती केवळ स्लाइडीवर ढकलणं बरोबर नाही. पण चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात, तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडींवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर टीका केली. एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची ओळ न ओळ सोलून दाखवली आहे. टिपण लिहिणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते इतकंच : तारांकित ओळी, तळटीपा आणि परिशिष्टातल्या स्लाइडी आधी वाचाव्यात, आणि ज्या ओळीने आकडा बदलतो तिला वरच्या परिच्छेदात आणून बसवावं.

आता शिफारस. इथे बहुतेक टिपणं कच खातात. ‘दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे विचारात घेऊन मंडळाने योग्य तो निर्णय घ्यावा’ असं लिहून मोकळं होतात. तसं लिहिण्यात धोका नसतो, पण मग टिपणाची गरजही नसते. शिफारस करायची तर आधी कसोटी सांगावी लागते : कशाच्या आधारावर एक पर्याय दुसऱ्याहून बरा? पीपीटीत कसोटी बहुधा नसतेच. तक्त्यात सहा-सात रकाने असतात, प्रत्येकात बरोबरच्या खुणा असतात आणि वाचणाऱ्याने त्या मोजायच्या असतात. खरं तर निर्णय एक-दोन गोष्टींवरच फिरतो, आणि त्या कोणत्या हे संस्थेच्या व्यवहारातून ठरतं.

दूध संघाच्या व्यवहारात एक गोष्ट सगळ्यांच्या वर असते : उत्पादकांचं दूध बिल. ते दर दहा दिवसांनी द्यायचं असतं. इथे रोज 15,000 लिटर दूध, 34 रुपये दर, म्हणजे दिवसाला 5.1 लाख आणि दहा दिवसांच्या एका बिलाला 51 लाख. संघाकडे मुदत ठेवीत मोकळे 85 लाख आहेत आणि एका बिलाइतकी रक्कम कायम बाजूला ठेवायची, असा मंडळाचाच जुना दंडक आहे. म्हणजे हात लावण्याजोगे उरतात 34 लाख. कसोटी आपोआप तयार झाली : दूध बिलाच्या रकमेला धक्का न लावता सर्वांत जास्त बचत कशात?

या कसोटीवर पर्याय अ पुरता बसत नाही. 58 लाख काढले तर बिलाच्या रकमेतले 24 लाख जातात. पर्याय ब बसतो, पण संघ वीस वर्षं बांधला जातो आणि बचत निम्म्याहून कमी राहते. पर्याय क मध्ये पैसा जात नाही आणि येतही नाही. मात्र छताची माहिती हाती आल्यावर पीपीटीत नसलेली वाट दिसते : तूर्त फक्त स्लॅबवरचा 60 किलोवॉटचा संच घ्यावा. खर्च 30 लाख, वीज 84,000 युनिट, देखभाल वजा जाता बचत वर्षाला 6.6 लाख, परतफेड साडेचार वर्षांत. शेडवरच्या 40 किलोवॉटचा हिशेब वेगळा काढला तर पत्र्यांसह 28 लाखांवर 4.4 लाख बचत, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. शंभरच्या एकाच आकड्यात चांगला आणि मध्यम असे दोन प्रकल्प एकत्र बांधले गेले होते.

इथे सांभाळून पाऊल टाकायला हवं. टिपण लिहिणाऱ्याला नवा पर्याय सुचला, म्हणून त्याने तो परस्पर शिफारशीत घालू नये. पीपीटी ज्यांनी केली त्यांच्याकडे परत जावं. साठ किलोवॉटला प्रति किलोवॉट तोच दर मिळेल का? पुढे चाळीस जोडायचे तर इन्व्हर्टर आणि वीज कंपनीची मंजुरी पुन्हा लागेल का? स्लॅबची तपासणी झाली आहे का? अभियंत्याने होकार दिला तरच हा पर्याय टिपणात येतो, आणि तोही उघडपणे : ‘हा पर्याय मागील सादरीकरणात नव्हता.’ ज्या संचालकाने ती पीपीटी लक्ष देऊन पाहिली, त्याला टिपणात वेगळाच आकडा दिसला आणि कारण दिसलं नाही, तर त्याचा सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. बचत 15.4 वरून खाली का आली, हेही याच न्यायाने दोन वाक्यांत सांगून टाकावं.

एवढं झालं की टिपणाचा पहिला परिच्छेद लिहिता येतो. तो असा :

‘पॅकिंग इमारतीच्या स्लॅबवर 60 किलोवॉटचा स्वमालकीचा सौर संच कमाल 30 लाख रुपयांत घ्यावा, अशी शिफारस आहे. त्यातून वर्षाला सुमारे 6.6 लाख रुपये वाचतील आणि खर्च साडेचार वर्षांत वसूल होईल. रक्कम मुदत ठेवींतून द्यावी. त्यानंतरही दहा दिवसांच्या दूध बिलाइतके 51 लाख आणि त्यावर 4 लाख शिल्लक राहतात. शेडवरील 40 किलोवॉटचा विचार पत्रे बदलण्याच्या वेळी करावा. हाती आलेली दरपत्रके या महिनाअखेरपर्यंतच वैध असल्याने निर्णय याच सभेत अपेक्षित आहे.’

ज्या संचालकाला पुढचं वाचायला वेळ नाही त्याने एवढ्यावर हात वर केला तरी तो फसणार नाही, अशी या परिच्छेदाची बांधणी असावी. पार्श्वभूमी, वीजटंचाई, शासनाचं धोरण हे सगळं पीपीटीत पहिल्या दहा स्लाइडींवर होतं. टिपणात ते शेवटी चार ओळींत येतं किंवा येतच नाही.

यानंतर नाकारलेल्या पर्यायांना प्रत्येकी एक प्रामाणिक परिच्छेद द्यायचा. प्रामाणिक म्हणजे त्या पर्यायाची सर्वांत बळकट बाजू आधी लिहायची. विकासकाच्या पर्यायात संच बिघडला तर डोकेदुखी त्याची असते आणि संघाची ठेव शाबूत राहते. ज्या संघाकडे मोकळी रक्कम नाही त्याने तोच घ्यावा. मग आपण का नको म्हणतो ते : वीस वर्षांचं बंधन, मध्येच बाहेर पडायचं तर भरपाई, आणि कमी बचत. थांबण्याच्या पर्यायाचीही किंमत सांगावी लागते. वर्षभर थांबलं तर 6.6 लाखांची बचत हुकते. ढोबळमानाने, ती भरून निघायला 30 लाखांचा खर्च एका वर्षात पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरायला हवा. काहीही न करणं हे फुकट असतं, असा समज तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीमुळे होतो.

सभेत हमखास येणारा प्रश्नही आधीच घ्यावा. कुणीतरी म्हणणारच, “कर्ज काढून पूर्ण शंभरच का करू नये?” उत्तर तयार असावं : शेडच्या भागासाठी 28 लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या वर्षीचं व्याजच 2.8 लाख होतं, आणि त्या भागाची बचत आहे 4.4 लाख. फार थोड्या फरकासाठी कर्ज अंगावर घ्यावं लागतं.

शिफारस ठाम असावी, पण ती कशावर उभी आहे ते लपवू नये. ‘शक्यतो’, ‘साधारणपणे’, ‘हरकत नसावी’ असे शब्द वाक्यावाक्यात पेरले की ठामपणा जातो आणि जोखीमही कळत नाही. त्यापेक्षा अट स्वच्छ लिहावी : ‘स्लॅबच्या तपासणीत दोष आढळल्यास अथवा सर्वांत कमी निविदा 34 लाखांपेक्षा जास्त आल्यास कार्यादेश न देता विषय मंडळापुढे पुन्हा आणावा.’ त्या 34 लाखांमागे हिशेब आहे : त्यापुढे गेलं की दूध बिलाच्या रकमेला हात लागतो. पण हे लिहिताना आपलंच वरचं वाक्य तपासावं लागतं. पहिल्या परिच्छेदात मर्यादा 30 लाख आहे आणि इथे 34. अशी विसंगती टिपणात राहिली तर सभेत नेमकं तिच्यावर बोट ठेवलं जातं. मर्यादा एकच हवी. खरेदीचा अधिकार 30 लाखांपर्यंतच द्यायचा आहे, तर त्याहून जास्त निविदा आल्यास विषय परत आणायचा, आणि 34 हा आकडा फक्त निधीच्या हिशेबात ठेवायचा.

टिपण जमलं की नाही हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. पहिल्या सभेला हजर नसलेल्या माणसाला ते द्यावं, वाचून झाल्यावर काढून घ्यावं आणि विचारावं : काय करायचं आहे, किती पैशांत, का, आणि काय झालं तर करायचं नाही? चारांतलं एकही उत्तर अडखळलं तर दोष वाचणाऱ्याचा नाही. उत्तरात ‘म्हणजे सौर ऊर्जा चांगली आहे’ असं काही आलं तर पीपीटीचीच भाषा टिपणात शिरली आहे असं समजावं.

कधी कधी मात्र शिफारस करूच नये. स्लॅबची तपासणी झालेली नसेल आणि अभियंता हो किंवा नाही म्हणत नसेल, तर 60 किलोवॉटची शिफारस हा जुगार ठरतो. तेव्हा मागणीच बदलावी : ‘स्लॅबची तपासणी अमुक तारखेपर्यंत करून घेण्यास मान्यता द्यावी, अहवालानंतर खरेदीचा विषय येईल.’ हीही स्पष्ट शिफारसच आहे, फक्त लहान निर्णयाची. सगळी माहिती हाती नसताना मोठ्या निर्णयाला ‘तत्त्वतः’ चिकटवण्यापेक्षा ती बरी.

शेवटचं काम म्हणजे मसुदा ठराव. तो टिपणाच्या तळाशी द्यावा, कारण सभेनंतर इतिवृत्तात उतरतो तो ठराव. टिपण फायलीत राहतं. तो असा लिहिता येतो : ‘पॅकिंग इमारतीच्या स्लॅबवर 60 किलोवॉट क्षमतेचा सौर संच कमाल 30 लाख रुपये खर्चात, मुदत ठेवींतून, निविदा पद्धतीने खरेदी करण्यास मान्यता देण्यात येते. स्लॅब तपासणीचा अहवाल अनुकूल असल्यास कार्यादेश देण्याचा अधिकार कार्यकारी संचालकांना राहील. निविदा 30 लाखांपेक्षा जास्त आल्यास विषय मंडळापुढे आणावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांच्यासाठी जागा सोडावी. मंडळाला शिफारस पटली नाही तर तेही चालेल. संचालक 60 खोडून 40 लिहितील, किंवा ‘मान्यता देण्यात येते’च्या जागी ‘नामंजूर करण्यात येते’ लिहितील. तरी खोडायला नेमकं काहीतरी समोर असेल, आणि व्यवस्थापकांना दुसऱ्या दिवशी काय करायचं आणि काय नाही, हे ठरावावरूनच कळेल.